एलजीएसएफ भिंतीत रॉकवूल भरल्यावरही बाहेरून सलग बोर्ड का?

प्रश्न: नागपूरजवळ तळमजला आणि वर एक मजला असं एलजीएसएफचं, म्हणजे पातळ पत्र्याच्या लोखंडी चौकटीचं, घर बांधतोय. चौकटीचे उभे दांडे, म्हणजे स्टड, ८९ मिमीचे, ४०० मिमी अंतरावर. मधे रॉकवूल, बाहेरून १० मिमी सिमेंट बोर्ड, आतून जिप्सम. फॅब्रिकेटर म्हणतो भिंतीची यू-व्हॅल्यू ०.४० येते, अजून काही लावणं म्हणजे पैसे पाण्यात. आर्किटेक्ट म्हणतात बाहेरून ५० मिमीचा इन्सुलेशन बोर्ड लावल्याशिवाय भिंत पास करणार नाही. कोणाचं ऐकू? आणि पावसाळ्यात एसी चालू असताना भिंतीच्या आत पाणी सुटतं असं ऐकलं, ते खरं का?

उत्तर:

आर्किटेक्टचं ऐका. फॅब्रिकेटर खोटं बोलतोय असं मात्र नाही. त्याने जी पद्धत वापरली त्या पद्धतीने ०.४० च येतं, फक्त ती पद्धत लोखंडी चौकटीला लागू पडत नाही. तुमच्या भिंतीची खरी यू-व्हॅल्यू ०.७५ च्या आसपास असेल, म्हणजे सांगितल्याच्या जवळजवळ दुप्पट उष्णता आत येईल. हे कसं, ते आधी आकड्यांनी बघू.

भिंतीतले थर एकेक करून धरा. ८९ मिमी रॉकवूलचा उष्णतारोध, म्हणजे आर-व्हॅल्यू, साधारण २.२९. आतला जिप्सम ०.०७, बाहेरचा सिमेंट बोर्ड ०.०४, आणि भिंतीला दोन्हीकडून चिकटून असलेल्या हवेच्या पातळ थराचे मिळून ०.१७. बेरीज २.५७. यू-व्हॅल्यू म्हणजे याचा व्यस्त, ०.३९. आता स्टडचा हिशेब. स्टडचा पत्रा जेमतेम १ मिमी जाडीचा, तो दर ४०० मिमीला एकदा येतो. क्षेत्रफळात त्याचा वाटा चारशेत एक. फॅब्रिकेटरच्या एक्सेल शीटने काय केलं, तर चारशेतल्या त्या एका भागातून स्टीलची यू-व्हॅल्यू घेतली, उरलेल्या तीनशे नव्याण्णव भागांतून रॉकवूलची घेतली आणि सरासरी काढली. उत्तर आलं ०.४०. स्टडमुळे नुकसान दोन टक्के.

चूक इथे आहे की या हिशेबात उष्णता भिंतीतून सरळ, आडवी, शिस्तीत जाते असं गृहीत धरलंय. ती तशी जात नाही. स्टीलची उष्णतावाहकता ५० च्या घरात, रॉकवूलची ०.०३९. म्हणजे स्टील जवळपास तेराशे पट वाहक. चारशेत एक वाटा असला तरी तेराशे पट वाहकतेमुळे तो पातळ पत्रा एकटा, आजूबाजूचं सगळं रॉकवूल मिळून जेवढी उष्णता नेईल त्याच्या तिप्पट नेऊ शकतो. अट एकच, तेवढी उष्णता त्याच्यापर्यंत पोचली पाहिजे. ती पोचवायचं काम करतो फ्लँज. सी आकाराच्या स्टडची ४० मिमी रुंदीची जी पट्टी सिमेंट बोर्डाला चिकटलेली असते ती. छपराचं पाणी जसं पन्हळीत गोळा होऊन एका नळीने खाली येतं, तसा तापलेल्या बोर्डातला डावी-उजवीकडचा ताप फ्लँजकडे सरकतो, तिथून दोन फ्लँज जोडणाऱ्या पातळ वेबमधून आत धावतो आणि आतल्या फ्लँजवरून जिप्समभर पसरतो. १ मिमीचा स्टड प्रत्यक्षात शंभर मिमी रुंद पट्ट्यासारखा वागतो.

उष्णता फ्लँजकडे कितपत गोळा होते त्यावर खरं उत्तर अवलंबून आहे. अजिबात गोळा होत नाही असं मानलं तर ०.४०. पूर्ण मोकळेपणाने गोळा होते असं मानलं तर १.२ च्या आसपास. सत्य मधे कुठेतरी, आणि ते नेमकं कुठे हे प्रयोगशाळेत मोजून झालेलं आहे. अमेरिकेच्या अ‍ॅश्रे ९०.१ या मानकात स्टील स्टडच्या भिंतींचा तक्ता आहे. त्यात साडेतीन इंच स्टड, म्हणजे आपला ८९ मिमीचा, १६ इंचांवर बसवला तर आर-१३ चं इन्सुलेशन प्रत्यक्षात आर-६ एवढंच काम करतं. आपल्या एककात २.२९ चं १.०६. निम्म्याहून जास्त गेलं. स्टड २४ इंचांवर नेले तर आर-७.२, म्हणजे १.२७. तुमच्या भिंतीत २.२९ च्या जागी १.०६ घाला. एकूण रोध १.३४ होतो आणि यू-व्हॅल्यू ०.७५. इमारतीच्या उष्णतेच्या हिशेबासाठी जगभर वापरलं जाणारं आयएसओ ६९४६ हे मानकसुद्धा, इन्सुलेशनला धातूने छेद दिला असेल तर त्यातली सोपी पद्धत वापरू नका असं स्पष्ट बजावतं. तेव्हा फॅब्रिकेटरला एवढंच विचारा की ०.४० काढताना स्टडसाठी कोणती पद्धत घेतली. बहुतेक वेळा समोरून शांतताच येते.

०.७५ म्हणजे फार वाईट का? तुलनेसाठी सांगतो. नऊ इंची विटांची, दोन्हीकडून प्लास्टर केलेली भिंत २ च्या आसपास असते. २०० मिमी एएसी ब्लॉकची भिंत ०.७ ते ०.८. म्हणजे तुमची रॉकवूल भरलेली भिंत एएसीच्या बरोबरीला येते, आणि एएसीला जे वजन असतं, दुपारचा ताप काही तास अंगात मुरवून ठेवायची जी ताकद असते, ती हिच्याकडे नाही. वीट तापते, पण तो ताप आत यायला संध्याकाळ उलटते. एलजीएसएफ भिंतीत दुपारचा ताप दुपारीच आत येतो. म्हणून या भिंतीला यू-व्हॅल्यूच्या बाबतीत वीट-ब्लॉकपेक्षा बरंच पुढे असावं लागतं, बरोबरीत राहून चालत नाही.

आता दरवेळी निघणारा पर्याय: स्टडच जाड घ्यायचा, ८९ ऐवजी १५० मिमी, आणि मधे जास्त लोकर भरायची. त्याच तक्त्यात सहा इंची स्टडचा आकडा आहे. १६ इंचांवर आर-१९ भरलं तर हातात येतं आर-७.१. म्हणजे साठ मिमी जास्त रॉकवूल आणि तेवढं जास्त स्टील घालून आपल्या एककात कमाई ०.१९ ची. एवढी कमाई बाहेरून लावलेल्या ६ मिमी एक्सपीएस या फोमच्या बोर्डाने होते. लोकर जाड केली की तिचा रोध वाढतो, पण स्टडची वाट तशीच मोकळी राहते, आणि उष्णता सगळी त्या वाटेने जायला लागते.

बाहेरचा सलग बोर्ड वेगळा का वागतो हे यावरून लक्षात येईल. तो स्टडच्या आणि लोकरीच्या दोघांच्याही पुढे उभा राहतो. उन्हाने तापलेली कातडी आणि फ्लँज यांचा संबंधच तुटतो, त्यामुळे फ्लँजला गोळा करायला ताप मिळत नाही. म्हणून बोर्डाची आर-व्हॅल्यू जवळपास पूर्ण पदरात पडते, लोकरीसारखी निम्मी नाही. एक्सपीएसची वाहकता ०.०३२ धरली तर ३० मिमीचा रोध ०.९४, ५० मिमीचा १.५६. तुमच्या १.३४ मध्ये मिळवा. ३० मिमी लावला तर एकूण २.२८ आणि यू-व्हॅल्यू ०.४४. ५० मिमी लावला तर २.९० आणि ०.३५. फॅब्रिकेटरने कबूल केलेलं ०.४० खरोखर हवं असेल तर त्याला साधारण ४० मिमी बोर्ड लावावा लागेल. आर्किटेक्टने ५० सांगितलं ते काही अवाच्या सवा नाही.

तुमच्या पश्चिमेच्या भिंतीवर हे करून बघू. मे महिन्यातली दुपार, हवा ४४ अंश. पश्चिमेच्या भिंतीवर चारच्या सुमारास प्रत्येक चौरस मीटरवर ६०० वॉट ऊन पडतंय असं धरा. मध्यम रंगाची भिंत त्यातलं साठ टक्के शोषते. हिशेबाला बाहेरचं तापमान जवळपास ५८ अंश धरावं लागतं. आत एसीने २६. फरक ३२ अंशांचा. खोलीची भिंत १२ चौरस मीटर. फॅब्रिकेटरच्या म्हणण्याप्रमाणे यातून १५४ वॉट यायला हवेत. प्रत्यक्षात येतील २८८. ५० मिमी बोर्ड लावला तर १३४. हा स्थिर स्थितीचा हिशेब आहे, उन्हाचा चढ-उतार यात धरलेला नाही, पण हलक्या भिंतीत सत्य याच्या फार दूर नसतं. जाता जाता: याच भिंतीला पांढरा किंवा फिकट रंग दिला आणि शोषण तीस टक्क्यांवर आलं, तर ५८ चे ५१ होतात आणि आत येणारा ताप पाचव्या हिश्शाने कमी होतो. रंगाला तसाही खर्च करणारच आहात.

एकूण घराच्या बिलात हे किती, असं तुम्ही विचाराल. तळ अधिक एकच्या घरात छप्पर आणि पश्चिमेच्या खिडक्या भिंतीइतक्याच किंवा जास्त महत्त्वाच्या, हे मान्य. छताखाली काही नाही आणि भिंतीला ५० मिमी बोर्ड, असं करू नका. पण भिंतीतल्या स्टडचा त्रास नुसत्या बिलापुरता नसतो. आतल्या जिप्समवर दर ४०० मिमीला उभा गरम पट्टा उमटतो. वरच्या उदाहरणात तो आजूबाजूच्या भागापेक्षा चार ते सहा अंशांनी गरम येतो. एसी २६ दाखवत असूनही भिंतीजवळच्या पलंगावर उकडतं, त्याचं कारण बहुतेक वेळा हे. बोर्डाने पट्टा पूर्ण जात नाही, पण फरक दीड-दोन अंशांवर येतो आणि मग अंगाला जाणवत नाही. दुसरं म्हणजे चौकटीचं आकुंचन-प्रसरण. ३ मीटरचा स्टील स्टड पंचवीस अंशांच्या चढ-उताराला जवळजवळ १ मिमी लांबतो-आखडतो. बाहेरच्या सिमेंट बोर्डांचे सांधे दर उन्हाळ्यात केसासारखे फुटतात त्यात याचा हात असतो, जरी एकटा हाच दोषी नसला. इन्सुलेशन बाहेर गेलं की चौकट घराच्या आतल्या तापमानाच्या जवळ राहते आणि हे खेचाखेच बरंच कमी होतं.

आता पावसाळा आणि एसी. तुम्ही ऐकलंत ते खरं आहे, पण थंड देशातल्या पुस्तकांत जसं सांगतात त्याच्या उलट दिशेने. तिथे आतली ऊबदार दमट हवा बाहेरच्या गार थरावर जाऊन पाणी सोडते. आपल्याकडे जुलै-ऑगस्टमध्ये दमट हवा बाहेर आणि गार बाजू आत. बाहेर २८ अंश आणि आर्द्रता ८५ टक्के असेल तर त्या हवेचा दवबिंदू २५ अंशांच्या जरा वर येतो. म्हणजे ही हवा सिमेंट बोर्डाच्या सांध्यांतून शिरून लोकरीतून आत आली आणि तिला २५ च्या खालचं काही लागलं की ती तिथे पाणी सोडणार. एसी २२ वर असेल तर जिप्समची मागची बाजू आणि आतला फ्लँज २५ च्या खाली असतातच. एसी २६ वर ठेवला तर असतच नाहीत. या एका कारणासाठी तरी एसी २२ वर ठेवायची सवय या घरात नको.

इथे एक गोष्ट सांगितलीच पाहिजे, कारण बोर्ड विकणारे ती सांगत नाहीत. बाहेरून इन्सुलेशन लावलं की स्टड आतल्या तापमानाच्या जवळ येतात, म्हणजे पावसाळ्यात ते आधीपेक्षा गार असतात. बोर्डाच्या सांध्यांतून, खिडकीच्या कडेने, वायर बाहेर काढलेल्या भोकातून दमट हवा आत शिरत राहिली, तर आता पाणी सुटायला जास्त गार लोखंड उपलब्ध आहे. म्हणून बोर्डाइतकंच महत्त्वाचं त्याच्या मागचं आवरण. सिमेंट बोर्डावर, इन्सुलेशन बोर्डाच्या आत, पाणी आणि हवा अडवणारा सलग मेम्ब्रेन हवा. सांध्यांवर टेप, खिडकीच्या चौकटीला टेप, वायर-पाइपच्या भोकाला सीलंट. एक्सपीएस स्वतः बाष्प फार कमी जाऊ देतो, त्यामुळे त्याचे सांधे नीट असतील तर बाहेरून बाष्प येण्याची वाट जवळपास बंद होते. रॉकवूलचा बाह्य बोर्ड घेतला तर तो बाष्पाला मोकळा असतो, तिथे सगळी भिस्त मागच्या मेम्ब्रेनवर, आणि तो बाष्पही अडवणारा असावा लागतो. आतल्या बाजूला मात्र याच्या उलट करायचं. जिप्समच्या मागे प्लॅस्टिक शीट नाही, फॉइल नाही, वर व्हिनाइलचा वॉलपेपर नाही, ऑइल पेंट नाही. साधा इमल्शन द्या. चुकून आत आलेल्या ओलीला खोलीकडे सुकायला वाट राहिली पाहिजे. हॉटेलांच्या खोल्यांत वॉलपेपर सोलल्यावर मागे काळी बुरशी निघते ती हीच वाट बंद केल्यामुळे.

अंमलबजावणीत हे सगळं कुठे फसतं ते सांगतो. सर्वांत मोठी फसवणूक, तीही बहुतेक नकळत होणारी, म्हणजे बोर्ड सलग न ठेवणं. बाहेरचं क्लॅडिंग टांगायला काहीतरी चौकट लागते. फॅब्रिकेटरच्या हातात झेड आकाराचं जीआय सेक्शन असतं. तो ते स्टडवर थेट ठोकतो आणि दोन झेडच्या मधे ५० मिमीचा बोर्ड कापून बसवतो. फोटोत दिसायला भिंत बोर्डाने भरलेली. प्रत्यक्षात तुम्ही बाहेरच्या इन्सुलेशनलाही स्टडच दिलेत, आणि बोर्डाचा मोठा हिस्सा वाया गेला. बरोबर पद्धत अशी: सिमेंट बोर्ड, त्यावर मेम्ब्रेन, त्यावर बोर्ड सलग, मधे एकही लोखंडी सेक्शन नाही. मग बोर्डाच्या बाहेरून उभे, टोपीच्या आकाराचे हॅट सेक्शन, स्टडच्याच रेषेत, आणि बोर्डातून आरपार लांब सेल्फ-ड्रिलिंग स्क्रूने स्टडच्या फ्लँजला आवळलेले. त्यावर क्लॅडिंग. हॅट सेक्शनमुळे मागे वीसेक मिमीची पोकळी मिळते, तिच्यातून आत शिरलेलं पावसाचं पाणी खाली उतरून बाहेर पडतं. मागून वाहणाऱ्या पाण्याला अडवायला मेम्ब्रेन आहेच.

स्क्रूसुद्धा लोखंडच ना, असं वाटेल. आहे, पण तो ठिपका आहे, पट्टी नाही. चौरस मीटरला पाच-सहा स्क्रू असतील तर यू-व्हॅल्यूत शंभरात तीन ते सहाचा, म्हणजे ०.०१ ते ०.०२ एवढा फरक पडतो. स्टेनलेस स्टीलचे घेतले तर अजून कमी, कारण त्याची वाहकता साध्या स्टीलच्या तिसऱ्या हिश्शाइतकीच असते. तुमच्या भिंतीसाठी लांबीचा हिशेब: हॅट १ मिमी, बोर्ड ५०, सिमेंट बोर्ड १०, फ्लँज १, आणि फ्लँजच्या पलीकडे आट्यांसाठी किमान १० मिमी. ७२ होतात, म्हणून ७५ मिमीचा स्क्रू. आठ मिमीचं क्लॅडिंग बोर्ड चौरस मीटरला ११-१२ किलो भरतं, एवढं वजन ५० मिमी जाडीपर्यंत हे स्क्रू आरामात पेलतात. पण वाऱ्याचा ताण आणि स्क्रूंची संख्या स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून लिहून घ्या. खरी अडचण वेगळीच: बोर्ड लावल्यावर स्टड दिसत नाही आणि फ्लँज फक्त ४० मिमीचा. स्क्रू चुकला तर तो काहीच धरत नाही, शिवाय मेम्ब्रेनला भोक पाडून ठेवतो. म्हणून बोर्ड लावण्याआधी प्रत्येक स्टडची रेषा मेम्ब्रेनवर मारायची आणि वर छपराखाली व खाली प्लिंथवर तिच्या खुणा ठेवायच्या, म्हणजे बोर्डाच्या बाहेरून तीच रेषा पुन्हा टाकता येते. चुकलेला स्क्रू हाताला लगेच कळतो, तो आवळला जात नाही, नुसता फिरत राहतो. तो काढून भोक सीलंटने बुजवून पुढे जायचं.

प्लास्टरसारखं फिनिश हवं असेल तर हॅट-क्लॅडिंगची भानगडच नाही. ईपीएस, म्हणजे थर्माकोलचा बोर्ड बेस कोटने चिकटवून, प्लॅस्टिक डोक्याच्या फास्टनरने धरून, त्यावर अल्कली-रोधक फायबर जाळी बेस कोटमध्ये बुडवून फिनिश. यासाठी एक्सपीएस घेतला तर त्याची गुळगुळीत कातडी खरवडलेला घ्या, नाहीतर बेस कोट धरत नाही आणि दोन पावसाळ्यांत पापुद्रा निघतो. जाळी खिडक्यांच्या कोपऱ्यांवर तिरपी, जादा लावायची. भेगा तिथूनच सुरू होतात.

लोकरीच्या बाबतीत कोटेशन नीट वाचा. आपल्याकडे "५० मिमी, ४८ डेन्सिटी" हे जणू मंत्रासारखं लिहिलेलं असतं. ८९ मिमीच्या पोकळीत ५० मिमीची स्लॅब उभी केली की मागेपुढे हवा खेळते आणि लोकरीचा उपयोग आणखी घटतो. वर मी जे आकडे दिले ते पोकळी पूर्ण भरलेली धरून आहेत, म्हणजे ५० आणि ४० असे दोन थर, सांधे एकावर एक न येऊ देता. स्लॅबची रुंदी दोन स्टडच्या मोकळ्या अंतराएवढी नको, पूर्ण ४०० मिमी हवी, कारण सी स्टड एका बाजूने पोकळ असतो आणि लोकर त्या पोकळीत शिरायला लागते. नाहीतर प्रत्येक स्टडच्या पोटात रिकामी उभी नळी राहते. दारं-खिडक्यांच्या वरचे बॉक्स हेडर आणि कोपऱ्यातले तीन-चार स्टडचे जुडगे एकदा जोडले की बंद होतात, त्यांच्यात लोकर जोडण्याआधीच भरावी लागते. ४०० मिमीचा आकडा मोकळ्या भिंतीचा आहे. कोपरे, खिडक्या, मजल्याची पट्टी धरली की प्रत्यक्ष स्टील बरंच जास्त असतं, म्हणजे माझा ०.७५ सुद्धा अंमळ उदारच. त्या सगळ्या जाड जागा बाहेरचा बोर्ड आपोआप झाकतो.

तो कुठे थांबतो याकडे मात्र लक्ष द्या. खाली स्टड ज्यात उभे राहतात तो बॉटम ट्रॅक काँक्रीटवर बसतो, तिथे बोर्ड ट्रॅकच्या वरच संपवला तर खालची पट्टी उघडी राहते. तो ट्रॅकच्या खाली किमान ५० मिमी उतरवा, पण जमिनीपासून १५० मिमी वर थांबवा, नाहीतर मुंग्या आणि वाळवी फोममध्ये बोगदे करतात आणि वर कळतही नाही. खालच्या कडेला धातूची स्टार्टर पट्टी बसवली की उंदीरही लांब राहतात. खिडकीला बोर्ड चौकटीच्या कडेवर वळवून २० मिमी तरी आत यायला हवा. मग चौकट किती आत-बाहेर बसणार हे आधी ठरलं पाहिजे, खिडक्या आल्यावर नाही.

आगीबद्दल थोडं. ईपीएस आणि एक्सपीएस दोन्ही जळतात. तळ अधिक एकच्या स्वतंत्र घरात स्वयं-विझणाऱ्या ग्रेडचा बोर्ड, मागे सिमेंट बोर्ड आणि पुढे सिमेंट बोर्ड किंवा पूर्ण बेस कोट असेल तर मला चिंता वाटत नाही. बाहेरून एसीपी, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमचं पॅनल, लावायचं डोक्यात असेल तर फोम नको, रॉकवूलचा फसाड बोर्डच घ्या. २०१७ मध्ये लंडनच्या ग्रेनफेल टॉवरमध्ये ७२ माणसं गेली. तिथे पॉलिथिलीन गाभ्याचं एसीपी आणि त्यामागे पोकळी सोडून फोमचं इन्सुलेशन होतं. उंच इमारतीत तर प्रत्येक मजल्याच्या रेषेत पोकळी तोडणारी अग्निरोधक पट्टी लागते.

बजेट आखडतं असेल तर माझा क्रम असा. आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारा की ४०० ऐवजी ६०० मिमी अंतर चालतं का. चाललं तर स्टील वाचतं आणि बोर्डाशिवायची भिंत ०.७५ वरून ०.६५ वर येते. त्या वाचलेल्या पैशांत बोर्ड घ्या. ६०० वर ३० मिमी बोर्ड लावला की ०.४० येतं, तुम्हाला कबूल केलेलाच आकडा. दोन भिंतींना ५० आणि दोन भिंतींना काहीच नाही, असं करण्यापेक्षा चारही बाजूंना ३० मिमी सलग, हे मला बरं वाटतं, कारण कोपऱ्यात जाडी बदलली की सांधा, फ्लॅशिंग, खिडक्या सगळंच वाकडं होतं. फ्लँजवर चिकटवायची फोमची पातळ टेप "थर्मल ब्रेक" म्हणून विकतात. ती निरुपयोगी नाही, पण ६ मिमीच्या पट्टीकडून ३० मिमी बोर्डाचं काम होईल अशी आशा धरू नका. युरोपच्या उत्तर भागात वेबला ओळीने खाचा पाडलेले स्टड वापरतात, त्याने उष्णतेची वाट नागमोडी आणि लांब होते. पण खाचांमुळे ताकद कमी होते, त्यामुळे भार घेणाऱ्या भिंतीत ते परस्पर बदलून टाकता येत नाहीत.

काम झाल्यावर तपासणी सोपी आहे. उन्हाळ्यात, एसी दुपारपासून चालू ठेवून, चार ते सहाच्या दरम्यान पश्चिमेच्या भिंतीची आतली बाजू थर्मल कॅमेऱ्याने बघा. कॅमेरा भाड्याने मिळाला नाही तर इन्फ्रारेड गन चालते: चुंबकाने जिप्समचे स्क्रू शोधा, तिथे स्टड असतो, त्याचं आणि दोन स्टडच्या मधलं तापमान घ्या. फरक दोन अंशांच्या आत असेल तर बोर्ड खरंच सलग आहे. चार-पाच अंशांचे उभे पट्टे दिसले तर बाहेर कुठेतरी झेड सेक्शन थेट स्टडला ठोकलेलं आहे. आडवा गरम पट्टा मजल्याच्या रेषेत दिसला तर बोर्ड तिथे तोडलाय. ढगासारखे अनियमित डाग दिसले तर लोकर खाली बसली आहे किंवा भरलीच नाही. ही तपासणी करारात शेवटच्या हप्त्याच्या आधी लिहून ठेवा, आणि कोटेशनमध्ये "यू-व्हॅल्यू ०.४०" च्या पुढे "स्टडचा परिणाम धरून" हे तीन शब्द घालून घ्या.